चक्र की शंख: बोटावर काय दिसतं आणि हस्तसामुद्रिक काय सांगतात

नागपुरात महाल भागातल्या एखाद्या ज्योतिषाकडे हात पुढे केला की बऱ्याचदा तो आधी बोटांची टोकं पाहतो. चक्र असेल तर माणूस स्वतंत्र, हट्टी, स्वतःच्या मतावर ठाम. शंख, म्हणजे लूप, असेल तर मिळूनमिसळून राहणारा, जुळवून घेणारा. कमान क्वचितच आढळते; ती व्यवहारी, अबोल माणसाची मानतात.

पण आधी ठसा नीट ओळखायला हवा. शाईचा ठसा घ्या आणि भिंगाखाली डेल्टा मोजा. डेल्टा म्हणजे तीन दिशांच्या रेषा जिथे भेटतात तो छोटा त्रिकोण. लूपला एक डेल्टा, चक्राला साधारण दोन, साध्या कमानीला एकही नाही. चूक बहुतेक इथेच होते. समजा उजव्या तर्जनीवर दोन लूप एकमेकांत गुंतलेले आहेत. नुसत्या डोळ्यांना तो शंख वाटतो, पण डेल्टा दोन निघतात आणि ठसेतज्ज्ञ त्याला चक्राच्या गटात घालतात. म्हणजे तोच माणूस एका ज्योतिषाकडे मनमिळाऊ, दुसऱ्याकडे हट्टी ठरेल!

मला डेल्ट्याची गणतीच भरवशाची वाटते. गर्भात साधारण तिसऱ्या-चौथ्या महिन्यात बोटाच्या टोकाची गादी उंच असताना रेषा उमटल्या तर चक्राकडे कल असतो, ती बसकी असेल तर कमानीकडे, मधल्या उंचीला लूप. स्वभावाशी या ठशांचा संबंध सिद्ध झालेला नाही. शिवाय एकाच हाताच्या दोन बोटांवर चक्र आणि शंख सहज शेजारी सापडतात.