डिप्लोमानंतर थेट दुसऱ्या वर्षाला: आपलीच शाखा की कॉम्प्युटर?

डिप्लोमाचा शेवटचा निकाल लागला की मेकॅनिकल, सिव्हिल, इलेक्ट्रिकलच्या बहुतेक मुलांना एकच प्रश्न पडतो. आपलीच शाखा धरून जरा बऱ्या कॉलेजात जायचं, की मिळेल त्या कॉलेजात कॉम्प्युटर घ्यायचं? मी मेकॅनिकलचा डिप्लोमा करून मेकॅनिकललाच राहिलो. त्याच वर्षी माझ्याच तंत्रनिकेतनातला, माझाच बाकसोबती मित्र कॉम्प्युटरला गेला. पुण्यात आम्ही एकाच खोलीत राहत होतो, त्यामुळे दोन्ही बाजू जवळून पाहायला मिळाल्या.

पात्रतेच्या दृष्टीने दोन्ही वाटा सारख्याच आहेत. डिप्लोमाला किमान 45 टक्के, महाराष्ट्रातल्या मागासवर्गीय उमेदवारांना 40. डिप्लोमा कोणत्याही शाखेचा असला तरी डिग्रीला दुसरी शाखा घेता येते. सीईटी नाही, गुणवत्ता यादी डिप्लोमाच्या टक्क्यांवरच लागते. म्हणून नियमात अडकायला होत नाही. खरा फरक जागांमध्ये असतो.

थेट दुसऱ्या वर्षाच्या प्रवेशाला, म्हणजे डीएसईला, जागा दोन ठिकाणांहून येतात. मंजूर प्रवेशक्षमतेच्या दहा टक्के जादा जागा, आणि मागच्या वर्षी पहिल्या वर्षाला रिकाम्या राहिलेल्या जागा. समजा एका कॉलेजात कॉम्प्युटरच्या 60 जागा आहेत आणि त्या पहिल्या वर्षीच भरल्या. मग डिप्लोमावाल्यांसाठी उरतात फक्त 6, आणि त्यातही आरक्षण लागतं. त्याच कॉलेजात मेकॅनिकलच्या 60 पैकी 25 रिकाम्या राहिल्या असतील, तर तिथे 25 अधिक 6, म्हणजे 31 जागा होतात. कॉम्प्युटरची कटऑफ वर का जाते आणि तेवढ्याच टक्क्यांत मेकॅनिकलला दोन पायऱ्या वरचं कॉलेज का मिळतं, त्याचं कारण हे आहे. माझे 84 टक्के होते. तेवढ्यावर मला मेकॅनिकलसाठी मनातलं कॉलेज मिळालं. मित्राचे माझ्यापेक्षा दोन टक्के जास्त होते, तरी कॉम्प्युटरसाठी त्याला शहराबाहेरच्या कॉलेजात जावं लागलं. रोज जाऊन-येऊन तीन तास.

ऑप्शन फॉर्म भरताना त्याने एक गोष्ट केली, तुम्ही ती करण्याआधी थोडं थांबा. कॉम्प्युटर हवंच म्हणून त्याने जिथे नक्की मिळेल असं वाटलं ते कॉलेज पहिल्या क्रमांकावर टाकलं. पहिल्याच राऊंडमध्ये पहिला पर्याय मिळाला आणि सीट आपोआप फ्रीझ झाली. पहिला पर्याय मिळाला की पुढच्या राऊंडमध्ये भाग घेता येत नाही. खालचा पर्याय मिळाला असता तर सीट हातात ठेवून बेटरमेंटला जाता आलं असतं. त्याची पहिली तीन पसंतीची कॉलेजं त्याने खाली ठेवली होती. पुढच्या राऊंडमध्ये त्यांतलं एखादं मिळालंही असतं, पण ते बघायची संधीच राहिली नाही. फॉर्ममध्ये मिळण्याची शक्यता बघून क्रम लावू नका, जे खरोखर हवं ते वर ठेवा.

आता ज्या एका गोष्टीमुळे माझं मत पक्कं झालं, ती सांगतो: उशिरा प्रवेश. डिप्लोमाचा निकाल, कागदपत्रांची पडताळणी, गुणवत्ता यादी, मग राऊंड. यातच दिवस जातात आणि तोवर दुसऱ्या वर्षाचे वर्ग सुरू झालेले असतात. आम्ही कॉलेजात पाऊल ठेवलं तेव्हा आमच्या दोघांच्याही वर्गात सुमारे सहा आठवड्यांचं शिकवून झालं होतं. पुणे विद्यापीठाच्या 2019 च्या पॅटर्नमध्ये सेमिस्टरच्या मध्यातली परीक्षा, म्हणजे इनसेम, 30 गुणांची, आणि ती पहिल्या दोन युनिट्सवर. म्हणजे जे दोन युनिट आमच्या गैरहजेरीत झाले, नेमकी त्यांचीच परीक्षा काही दिवसांवर आली होती.

माझ्या सॉलिड मेकॅनिक्सच्या पहिल्या दोन युनिटमध्ये स्ट्रेस-स्ट्रेन आणि शिअर फोर्स, बेंडिंग मोमेंटच्या आकृत्या होत्या. हे सगळं डिप्लोमाच्या स्ट्रेंथ ऑफ मटेरिअल्समध्ये आम्ही हाताने काढून काढून पाठ केलेलं होतं. थर्मोडायनॅमिक्स, मटेरिअल्स यांचीही ओळख होती. कॉलेज बुडालं तरी विषय बुडाला नव्हता. चार रात्रीत डिप्लोमाच्या वह्या चाळल्या आणि मी इनसेमला बसलो.

मित्रापुढे डिस्क्रीट मॅथ्स आणि डेटा स्ट्रक्चर्स होते. वर्गातली बाकीची मुलं पहिल्या वर्षी पायथन शिकून आली होती, आणि तेच पहिलं वर्ष आम्हाला माफ झालेलं. त्याने त्याआधी प्रोग्राम म्हणून जे लिहिलं होतं ते सीएनसी मशीनचं. प्रॅक्टिकलला सर स्पार्स मॅट्रिक्स सांगायचे आणि तो रात्री खोलीवर मला विचारायचा, ‘अरे, लूपच्या आत लूप म्हणजे नक्की काय होतं?’ मला तरी कुठे येत होतं! हुशार मुलगा, मेहनतीही होता, पण जे युनिट झाले ते, जे चालू होते ते आणि पहिल्या वर्षाचं पायथन, असं तिन्ही एकदम शिकणं त्याच्या वाट्याला आलं. पहिल्या सेमिस्टरला त्याचे दोन बॅकलॉग राहिले. बाहेरून येणाऱ्यांसाठी ब्रिज कोर्सची तरतूद आहे, पण त्याच्या कॉलेजात तो शनिवारी दोन तास आणि फक्त गणिताचा झाला.

गणिताने मात्र दोघांनाही सारखंच छळलं. एमएसबीटीईच्या मेकॅनिकलला गणित पहिल्याच वर्षी संपतं. चौथ्या सेमिस्टरला एम-थ्री समोर आलं तेव्हा दोघेही इंटिग्रेशनच्या सूत्रांपासून सुरुवात करत होतो. शाखा न बदलल्याने ही अडचण टळत नाही.

हेही खरं की मित्राने वर्षभरात दोन्ही विषय सोडवले आणि आज तो सॉफ्टवेअरमध्ये चांगल्या नोकरीत आहे. पगारात तो माझ्या पुढेच आहे. ज्याला डिप्लोमा चालू असतानाच कोडिंगचा नाद लागला असेल, त्याला मी अडवणार नाही. इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांचंही वेगळं आहे, त्यांचं डिजिटल झालेलं असतं, सी किंवा मायक्रोकंट्रोलरही हाताखालून गेलेला असतो. त्यांना ही उडी तितकी लांब पडत नाही.

पण मेकॅनिकल किंवा सिव्हिलचा मुलगा ‘स्कोप आहे’ एवढ्याच कारणाने कॉम्प्युटरला निघाला असेल, तर मी त्याला एक काम सांगेन. निकाल आणि पहिला राऊंड यांच्यामध्ये जे रिकामे आठवडे मिळतात, त्यात रोज दोन तास पायथन लिहून बघ. अॅरे, लूप, फंक्शन इतकंच. रमलास तर कॉम्प्युटर वर टाक. तिसऱ्याच दिवशी कंटाळा आला, तर आपल्या शाखेची चांगली तीन कॉलेजं वर आणि कॉम्प्युटर त्याखाली, असा फॉर्म भर.