आधी कापायचं की आधी लहान करायचं?

पोळ्याच्या आधीचा आठवडा म्हणजे माझ्या दुकानात बैलांचीच गर्दी. आर्वीकडच्या गावांतून जो तो आपल्या जोडीचा फोटो पाठवतो आणि मागचं शेत काढून शुभेच्छांच्या पोस्टरवर बैल बसवायला सांगतो. या कामात दोन पंथ आहेत. काही जण फोटो आधी लागेल तेवढा लहान करतात नि मग बैल कापतात. बाकीचे मोठ्याच फोटोवर बैल कापतात नि शेवटी लहान करतात. मी पहिल्या पंथात तीन-चार वर्षं काढली, आता दुसऱ्यात आहे. पहिला पंथ अगदीच चुकीचा आहे असं मी म्हणणार नाही, पण मी तिकडून का उठलो तेवढं सांगतो.

आधी लहान करण्यात सोय आहे, हे कबूल. माझा कॉम्प्युटर जुना. चार हजार पिक्सेल रुंदीच्या फोटोवर तीन लेअर चढले की तो दम खातो, त्यात लाइट कधी जाईल याचा भरवसा नाही. फोटो हजारावर आणला की सगळं भराभर होतं. एक बैल कापायला मला सात-आठ मिनिटं लागायची. मोठ्या फोटोवर तोच बैल वीस-पंचवीस मिनिटं खातो. हंगामात हा फरक लहान नाही.

मग एका पोळ्याला एक गवळाऊ बैल आला. अंगाने पांढरा, मानेवर नि वशिंडावर राखाडी छटा, शिंगांना लाल गोंडे, आणि मागे गुडघाभर हिरवं सोयाबीन. मूळ फोटोत बैल २८०० पिक्सेल लांब होता, स्टेटसच्या चौकोनी पोस्टरवर तो ७०० चा हवा होता. म्हणजे बरोबर पाव. मी नेहमीप्रमाणे आधी पाव केला, मग कापला, मरून रंगाच्या पार्श्वभूमीवर ठेवला आणि पाठवून दिला. तासाभरात मालकाचा फोन आला, "भाऊ, आमच्या बैलाले हिरवा रंग कायले मारला?"

पाहिलं तर खरंच. पाठीच्या कडेने हिरवट रेघ, आणि कानांच्या केसांवर तर शेवाळ चढल्यासारखं. हिरव्या शेतावर हे डोळ्यांना दिसत नाही, पारदर्शक दाखवणाऱ्या राखाडी चौकटींवरही दिसत नाही. मरूनवर मात्र लगेच दिसतं. तेव्हापासून कापायला बसतानाच मी खाली गडद लाल रंगाचा लेअर घालून ठेवतो.

दुरुस्ती म्हणून निवडलेली कड एक पिक्सेल आत घेतली. फोटोशॉपमध्ये त्यासाठी `Select > Modify > Contract` आहे. पाठीवरची हिरवी रेघ गेली, पण कानाचे केसही गेले आणि गोंड्यांचे सुटे धागे कातरल्यासारखे झाले. कान प्लास्टिकचे दिसायला लागले. एक पिक्सेल बाहेर ठेवला तर हिरवं, आत घेतला तर टक्कल. या दोन्हींच्या मध्ये थांबायला जागाच नव्हती. मला पंथ बदलायला लावला तो याच वैतागाने.

कारण साधं आहे. फोटो पाव करताना चार आडवे नि चार उभे, असे सोळा पिक्सेल मिसळून एक होतो. कानाचा केस मोठ्या फोटोत तीन पिक्सेल जाड होता. त्याच्या मधला पिक्सेल निव्वळ पांढरा होता आणि फक्त बाजूचे सोयाबीनने थोडे रंगलेले होते. पाव केल्यावर त्या केसाला एक पूर्ण पिक्सेलही उरला नाही. जो उरला त्यात केस नि शेत एकत्र कालवलेलं, फिकट हिरवं. एकदा कालवलं की कुठलंही सिलेक्शन ते वेगळं करू शकत नाही. तो पिक्सेल घ्या नाहीतर सोडा, एवढंच तुमच्या हातात. शिवाय लहान फोटोवर एक पिक्सेल आत येणं म्हणजे मूळ फोटोवर चार पिक्सेल कापणं.

त्याच रात्री मूळ फोटो काढून मोठ्यावरच कापला. कड एक पिक्सेल आत घेतली. बाजूचा रंगलेला भाग गेला, केसाचा पांढरा गाभा राहिला. मग पाव केलं. आत घेतलेला तो एक पिक्सेल आता पाव पिक्सेल झाला होता, तो कुणाला दिसणार? पेन टूलने पाठीवर माझा हात दोन ठिकाणी डगमगला होता, तेही त्या मिसळण्यात गुळगुळीत झालं. अर्धवट पारदर्शक पिक्सेल उरले ते कानाच्या कडेला, आणि त्यांचा रंग पांढराच होता. मरूनवर ते केसांसारखे दिसले.

इथे एक खड्डा आहे, मी त्यात पडलो म्हणून सांगतो. पुढच्या बैलाला मोठ्यावर कापलं, मास्क तसाच ठेवून लहान केलं, आणि हिरवं परत थोडं उगवलं. मास्क शेत फक्त झाकतो, पुसत नाही. लहान करताना फोटो वेगळा मिसळतो आणि मास्क वेगळा, त्यामुळे झाकलेलं सोयाबीन कडेच्या पिक्सेलमध्ये पुन्हा झिरपतं. लहान करण्याआधी मास्क लेअरला लावून टाकला की पारदर्शक पिक्सेलचा रंग त्या मिसळण्यात धरला जात नाही. गिम्पमध्ये त्यासाठी `Layer > Mask > Apply Layer Mask` आहे. मास्क नसलेली एक प्रत आधी वेगळी ठेवावी, कारण एकदा लावला की परतीचा रस्ता बंद. फेदर द्यायचा असेल तर तोही लहान केल्यावरच द्यावा. मोठ्यावर दिलेला एक पिक्सेलचा फेदर पाव झाल्यावर नसल्यात जमा होतो.

दुसऱ्या दिवशी त्याच मालकाला चौकात सहा बाय तीनचा फ्लेक्स हवा झाला, त्यावर बैल सव्वातीन फूट. ७२ डीपीआयने हिशेब केला तर २८०८ पिक्सेल, म्हणजे जवळजवळ मूळ फोटोएवढाच. मोठा कापलेला बैल तयार होता, नुसता नेऊन बसवला. आधीच्या पद्धतीत असतो तर सगळं पुन्हा कापावं लागलं असतं.

तरी दोन वेळा मी अजूनही आधी आकार बदलतो. अंधार पडल्यावर काढलेल्या फोटोत दाणे इतके असतात की सिलेक्शनची कड करवतीसारखी येते. तिथे आधी निम्मं केलं की दाणे एकमेकांत विरतात आणि कड पकडता येते. अर्थात बारीक केसांची आशा तिथे मी आधीच सोडलेली असते.

दुसरी वेळ उलटी. बैल पाच-सहाशे पिक्सेलचा, व्हॉट्सअ‍ॅपवर चार हातांतून आलेला, आणि फ्लेक्सवर मोठा करायचा. असा बैल आधी कापून मग चौपट केला तर एक पिक्सेलची मऊ कड चार पिक्सेलचा धुरकट पट्टा होते. तिथे आधी मोठा करावा आणि मग पेन टूलने स्वतः कड आखावी. बैल आतून पुसट राहतो, पण बाहेरची रेघ तरी स्वच्छ येते. अर्थात त्याआधी मी मालकाला फोन करून मूळ फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगतो. बहुतेकांच्या मोबाइलमध्ये तो अजून असतोच.