मेसेज मोडेम, सात महिन्यांनंतर: माझा ‘नका’ कुठे गेला?

पिंपळगाव बसवंतच्या बाजूला आमचा ३८ द्राक्ष बागायतदारांचा गट आहे. निरोप पोचवायचं काम माझ्याकडे. व्हॉट्सॲप ग्रुप आहेच, पण अकरा जणांकडे अजून बटणाचा फोन आहे आणि बागेत नेट मिळेल तेव्हा मिळतं. म्हणून जूनमध्ये नाशिकला जाऊन सिम घालायचा मोडेम आणला, २,८०० रुपयांना. लॅपटॉपला लावायचा, यादी निवडायची, मजकूर लिहायचा, पाठवायचा. पहिले चार महिने मी सगळ्यांना सांगत होतो, घ्या म्हणून. तेव्हा निरोप असायचे ‘उद्या ५ वाजता मीटिंग’ एवढेच.

नोव्हेंबरात, गोडी छाटणीनंतर फुटवे वर आलेले असताना, आभाळ भरून आलं आणि मी हा निरोप लिहिला:

‘नमस्कार बागायतदार, पावसाचा अंदाज आहे. उद्या सकाळी बोर्डोची फवारणी करू नका. पाने ओली असताना औषध मारू नका. पुढचा निरोप परवा.’

समोर ३८ वेळा Sent आलं. सकाळी साडेसहाला शेजारचे अण्णा ब्लोअर जोडून बागेत. म्हटलं, अण्णा, हे काय? त्यांनी फोन पुढे केला. त्यावर होतं: ‘नमस्कार बागायतदार, पावसाचा अंदाज आहे. उद्या सकाळी बोर्डोची फवारणी करू’. बस्स. पाऊस येतोय, तेव्हा आधी फवारणी करू, असा अगदी सरळ अर्थ लागत होता. दुपारी सरी आल्या आणि अण्णांची टाकी मातीत गेली. अण्णा काही बोलले नाहीत, तेच जास्त लागलं.

इंग्रजी निरोप असा तुटला, तर ‘डू नॉट’ आधीच येऊन गेलेलं असतं. आपलं ‘नका’ शेपटाला बसतं, आणि कात्री शेपटावरच चालते.

दुकानदाराला फोन केला. तो म्हणे, ‘साहेब, १६० अक्षरं जातात, तुमचं जास्त झालं असेल.’ मी मोजलं. पूर्ण निरोप १२२. मग म्हणे, ‘इंग्रजीत पाठवा ना.’ इथे माझं डोकं फिरलं आणि तीन दिवस मी या मोडेमला शिव्या घातल्या. त्यातल्या निम्म्या आता परत घेतो.

एसएमएस मोबाइलच्या नेटवर्कमध्ये सिग्नलिंगच्या वाटेने जातो, म्हणजे कॉल जोडण्याचे इशारे जिथून जातात तिथून. तिथे एका निरोपाला जागा १४० बाइट, म्हणजे १,१२० बिट. साधं रोमन अक्षर ७ बिटांत बसतं, म्हणून १६०. देवनागरीला प्रत्येक चिन्हामागे १६ बिट लागतात, म्हणून ७०. आणि चिन्ह म्हणजे आपण समजतो ते अक्षर नाही. काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार, हलन्त सगळं वेगळं मोजलं जातं. ‘उद्या’ आपल्याला दोन अक्षरं दिसतात, तिथे ती पाच: उ, द, हलन्त, य, काना. मी बोट ठेवून मोजलं. ‘करू’पर्यंत ६९, त्यापुढची मोकळी जागा ७०वी. ‘नका’चा ‘न’ एकाहत्तरावा.

म्हणजे नियम नेटवर्कचा, मोडेमचा नाही. पण याच्या सॉफ्टवेअरमधला आकडा मराठी टाइप करतानाही १६० वरूनच उलटा उतरतो, आणि मजकूर ७० वर कापून वर Sent लिहितो, त्याचं काय? सात महिन्यांत मला या यंत्राची एकच खरी चीड आली ती या आकड्याची. रेंज धरतो, गरम होत नाही, सिम चटकन बसतं. पण खोटं मोजणारा काटा असलेला तराजू कोणी घेईल का?

इंग्रजीत पाठवून पाहिलं, म्हातारी माणसं वाचत नाहीत ते सोडा. वर्गणीचा निरोप रोमनमध्ये लिहिला आणि तोही ७० वर तुटला! कारण त्यात ₹ होतं. ते चिन्ह ७ बिटांच्या जुन्या तक्त्यात नाही. असं एक जरी आलं तरी पूर्ण निरोप १६ बिटांवर जातो. Rs लिहिलं, सुरळीत गेला. व्हॉट्सॲपवरून चिकटवलेल्या मजकुरातली वाकडी अवतरणचिन्हंही हाच घोळ करतात. आणि शेवटचा 🙏 दोन चिन्हांची जागा खातो.

डिसेंबरात कंपनीने सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती दिली (चार फोन आणि एका भांडणानंतर). तिच्यात लांब निरोप आपोआप तुकड्यांत जातो आणि फोन तो जोडून दाखवतो. प्रत्येक तुकड्यात ‘हा दोनपैकी पहिला’ अशी खूण घालायला ६ बाइट जातात, म्हणून तुकड्याला ७० नाही, ६७. माझा १२२चा निरोप दोन तुकड्यांत बसला. तेव्हा मी खूश होऊन अण्णांना फोन दाखवायला गेलो होतो.

पुढच्या आठवड्यात १५० चिन्हांचा निरोप पाठवला. ६७ दुणे १३४, म्हणजे हा तीन तुकडे. आमच्या सिमच्या पॅकला दिवसाला १०० एसएमएस आणि मोजणी तुकड्यांची. ३३ जणांचे ९९ झाले, चौतिसाव्याला फक्त पहिला तुकडा, शेवटच्या चौघांना काहीच नाही. शिवाय एखादा तुकडा वाटेत राहिला तर काही फोन बाकीचेही दाखवत नाहीत, वाट बघत बसतात. एका बटणाच्या फोनवर तर दुसरा तुकडा आधी आला, पहिला जेवणानंतर.

म्हणून आता तोडणं मीच करतो. अण्णांवाला निरोप आज असा जाईल:

‘1/2 उद्या फवारणी नको. पावसाचा अंदाज आहे.’
‘2/2 पाने ओली असताना औषध मारू नका. पुढचा निरोप परवा.’

पहिला ४०, दुसरा ५१. नमस्कार गेला, नकार पहिल्या वाक्यात आला. तोड पूर्णविरामावर आहे, त्यामुळे एकच पोचला तरी उलटा अर्थ लागत नाही, आणि क्रमांकामुळे अजून एक यायचाय हे कळतं. ७० पर्यंत मुभा असली तरी मी साठच्या आत थांबतो. तारीख किंवा औषधाचं नाव ऐनवेळी घालावं लागतंच. दोनाच्या वर तुकडे करत नाही. ३८ गुणिले २ म्हणजे ७६, शंभराच्या आत. तिसरा लागतोय असं वाटलं तर तो मजकूर दुसऱ्या दिवशीचा.

तुमच्याकडे कुठलंही असं यंत्र आलं तर आधी स्वतःच्या नंबरवर १२३४५६७८९० सात वेळा आणि पुढे ‘अ’ असं पाठवा. आकडे इंग्रजी असले तरी चालतील, शेवटच्या ‘अ’मुळे पूर्ण निरोप १६ बिटांवर जातोच. ‘अ’ दिसला नाही तर तुमचं यंत्रही कापतंय.

पाचपैकी तीन तारे. चौथा नवीन आवृत्तीत देणार होतो, पण आकडा अजून १६० वरूनच उतरतोय. ७० वर मी स्क्रीनला पांढरी टिकली चिकटवलीय.