केरवा की दादरा: चाल बांधण्यापूर्वी

पंचवटीतल्या एका भजनी मंडळातील ताईंना नामघोषाच्या चालीसाठी केरवा ताल घ्यावा की दादरा, असा प्रश्न पडला होता. माझ्या मते याचा निर्णय शब्दांच्या वजनावर करावा.

‘विठ्ठल’ म्हणताना दोन, एक, एक अशा चार मात्रा होतात. दोनदा म्हटले की केरव्याचे ‘धा गे ना ती, न क धी ना’ हे आठ मात्रांचे आवर्तन नेमके भरते. ‘पांडुरंग’मध्ये मात्र दोन-एक, दोन-एक अशी तीन-तीनची जोडी असल्यामुळे तो शब्द दादऱ्याच्या ‘धा धी ना, धा ती ना’ या सहा मात्रांत सहज बसतो. केरव्यात घातल्यास शेवटचा ‘ग’ उगाच लांबतो, आणि ते लगेच कानाला खटकते.

टाळकऱ्यांना केरवा सोपा जातो, पण त्याची लय नकळत चढते. दादऱ्यात नवखे टाळकरी चौथ्या मात्रेवरील ‘खाली’लाच, म्हणजे टाळीविना मोजायच्या मात्रेलाच, सम म्हणजे आवर्तनाची पहिली मात्रा समजतात.

म्हणून सर्वांनी मिळून करायच्या गजरासाठी केरवा घ्यावा, आणि एकट्याने आळवायच्या, झुलत्या चालीच्या पदासाठी दादरा.