दाताचा फोटो पाठवला आणि ३,४५० रुपये गेले

फोटो मीच काढला होता. आईला खिडकीपाशी बसवलं, वरचा ओठ चमच्याने उचलून धरायला सांगितलं आणि मोबाईल अगदी तोंडाशी नेला. समोरच्या दोन दातांतला डावा राखाडी पडलेला, ओल्या पाटीसारखा. त्याच्या शेजारच्या दाताच्या वर हिरडी फुगलेली आणि त्या फुगवट्यावर तांदळाच्या कणीएवढी पांढरट पुळी. आज तोच फोटो उघडला की स्वतःचाच राग येतो. जे बघायला हवं होतं, ते सगळं त्यात होतं.

आम्ही निपाणीचे. तंबाखूचं गाव, त्यामुळे आईच्या वयाच्या बायकांच्या हातात सकाळी मिश्रीची डबी असतेच. दात काळा पडला तर कुणी विचारतही नाही, मिश्रीनेच पडला म्हणतात. मीही तेच धरून चाललो होतो. त्यातच गावातल्या एका ग्रुपवर जाहिरात आली, ‘दातांचा फोटो पाठवा, तज्ज्ञांकडून मोफत तपासणी.’ आई रात्रभर जागी होती. ‘ठणका मारायलाय रे,’ एवढंच म्हणत होती. फोटो धाडून दिला.

अर्ध्या तासात तोच फोटो परत आला, त्यावर लाल गोल काढलेले. मागोमाग फोन. माणूस गोड बोलणारा, मध्येच कन्नड मिसळणारा. “मिश्रीचं विष हिरडीत उतरलंय बघा. पायरियाची तिसरी स्टेज. पंधरा दिवसांत आठ दात हलतील.” आठ कसे मोजले कोण जाणे, फोटोत सहाच दिसत होते. पण त्या वेळी मोजायचं सुचलं नाही. १,८५० रुपये भरले. पार्सलमध्ये लालसर पूड, एक मलम आणि कागदाच्या पुडीत सुट्या पांढऱ्या गोळ्या होत्या. गोळ्यांवर ना नाव, ना तारीख.

आणि तिसऱ्या दिवशी आईला खरंच बरं वाटलं. मी फसलो तो इथे, म्हणून हे जरा सविस्तर सांगतो. पहाटे आईच्या तोंडात खारट, घाण चव आली. चूळ भरली तर पिवळट काहीतरी पडलं आणि ठणका थांबला. मी आनंदाने दुसरा फोटो पाठवला. सूज उतरलेली, पुळी चपटी. “बघा, औषध लागू पडलंय. आता मुळापासून काढायला दुसरा कोर्स,” असं म्हणून त्याने आणखी १,६०० घेतले.

औषधाने काही झालं नव्हतं. पुळी फुटली होती, एवढंच. आत कोंडलेल्या पुवाचा दाब असतो तोवर ठणका असतो. पू वाट काढून बाहेर आला की दुखणं जातं, पण पू जिथे तयार होतो ती जागा तशीच राहते. फुटलेलं तोंड काही दिवसांनी मिटतं आणि पुन्हा फुगतं. आईचं तसं दोनदा झालं. तिसऱ्यांदा मात्र सूज ओठावरून नाकाशेजारी चढली, डोळ्याखाली कातडी ताणली आणि अंगात कणकण आली. तेव्हा मात्र पूड ठेवली बाजूला आणि पहिल्या बसने बेळगाव गाठलं.

तिथल्या डॉक्टर मॅडमनी फोटो बघितला, पण निदान त्यावरून केलं नाही. आधी आईला विचारलं, “ह्या दाताला कधी मार बसलेला?” आईला आठवेना. मग मलाच आठवलं. दहा-बारा वर्षांपूर्वी बोअरिंगचा दांडा सटकून तिच्या तोंडावर बसला होता. ओठ फुटला, दोन दिवस सुजला, विसरलो. मॅडम म्हणाल्या, माराने दाताच्या आतल्या नसेचा रक्तपुरवठा तुटतो. दात दिसायला शाबूत राहतो, पण आतून मेलेला असतो, आणि वर्षं गेली की राखाडी पडतो. मिश्रीचा डाग बाहेरून बसतो. तो बऱ्याच दातांवर असतो, हिरडीच्या काठाशी आणि दोन दातांच्या फटीत जास्त, आणि साफ केला की निघतो. एकच दात आख्खा आतून काळवंडला असेल तर मिश्रीला दोष देऊन भागत नाही.

मग त्यांनी कापसाच्या बोळ्यावर गार स्प्रे मारून एकेका दाताला लावला. शेजारच्या दातांना आई दचकली. राखाडी दाताला लावला तर म्हणाली, “लावलाय काय?” आरशाच्या दांड्याने त्याच दातावर हलकं टकटक केलं, तर मात्र कळवळली.

पण पुळी होती शेजारच्या दातावर. मी तसं म्हणालो. मॅडमनी पुळीच्या बारीक भोकातून एक काडी आत सरकवली. उदबत्तीच्या काडीपेक्षा बारीक, गुलाबी, रबरासारखी वाकणारी. गटापर्चा म्हणतात, रूट कॅनाल भरायला हेच वापरतात. काडी आत ठेवूनच एक्स-रे घेतला. काडी एक्स-रेत पांढरी दिसते. ती शेजारच्या दाताच्या मुळाला वळसा घालून थेट राखाडी दाताच्या टोकाशी गेली होती, आणि तिथे हाडात हरभऱ्याएवढा काळा डाग होता. पू जिथे हाड पातळ असेल तिथून बाहेर पडतो, दुखऱ्या दाताच्या बरोबर वरूनच पडेल असं नाही. नुसत्या फोटोवरून चांगल्या डॉक्टरनेही कदाचित शेजारचा दात धरला असता. फोटोत सूज दिसते, रंग दिसतो. मुळाचं टोक दिसत नाही.

नुसत्या गोळ्यांनी हे का जात नाही, तेही तेव्हा कळलं. मेलेल्या नसेत रक्तच जात नाही, मग रक्तातून येणारं औषध तिथे पोचणार कसं? आईच्या चेहऱ्यावर सूज चढली होती आणि कणकण होती, म्हणून पाच दिवसांच्या गोळ्या दिल्या, पण खरं काम दाताच्या मागून भोक पाडून आतली घाण काढण्याचं होतं. त्याच दिवशी दात उघडला, आत धुऊन औषध भरलं, दोन आठवड्यांनी रूट कॅनाल पुरा केला. मॅडमनी एक ताकीद दिली. सूज डोळ्यापर्यंत किंवा जबड्याखाली गेली, तोंड उघडेना, गिळताना त्रास व्हायला लागला, तर अपॉइंटमेंटची वाट बघायची नाही, रात्र असली तरी दवाखान्यात जायचं.

घरी येऊन त्या नंबरवर फोन लावला आणि रजिस्ट्रेशन नंबर विचारला. प्रत्येक दंतवैद्याची राज्याच्या डेंटल कौन्सिलकडे नोंदणी असते, त्यामुळे हे आधीच विचारता आलं असतं. फोन कट. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, पण पैसे भरून महिना होत आला होता. ती तक्रार लगेच केली तरच पैसे अडवता येण्याची काही आशा असते. माझे आले नाहीत.

पुळी गेली, हिरडी बसली. दात अजून राखाडीच आहे. आतून ब्लीच करता येतो, कॅप बसवता येते, पण आई म्हणते, “आता कुणाला दाखवायचाय?” मिश्री मात्र सुटलेली नाही, त्यावर आमची भांडणं चालू आहेत.

गेल्या आठवड्यात संकेश्वरच्या मावसभावाने दोन फोटो पाठवले. एकावर लिहिलेलं ‘आधी’, दुसऱ्यावर ‘फक्त ३ दिवसांनंतर’. खाली त्याचा प्रश्न, “दादा, औषध भारी दिसायलंय, बायकोसाठी मागवू काय?” मी फोटो मोठा करून बघितला. राखाडी दात, तांदळाची कणी. आणि ओठ उचलून धरलेल्या चमच्याच्या दांड्यावर, भांड्यांच्या दुकानात कोरून घेतलेलं आईचं अर्धं नाव.