हॅशटॅग आपोआप फिरवून देतो म्हणणाऱ्याने आमच्या साडीच्या दुकानाला कसं फसवलं

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी भागात दुकानदारांना सध्या एक सेवा विकली जातेय. प्रत्येक प्लॅटफॉर्मसाठी आणि प्रत्येक विषयासाठी हॅशटॅगचे वेगळे संच, आणि ते आपोआप फिरवायचे. ती आम्हाला विकली गेली आणि त्यात आमचे 27,000 रुपये गेले. हा माणूस अजून या भागात फिरतोय, म्हणून सगळं सविस्तर लिहितेय.

बेळगावच्या शहापूरला वहिनी आणि मी मिळून साडीचं दुकान चालवतो. इरकल, पैठणी आणि ब्लाउजची शिलाई असे तीन विषय. इन्स्टाग्राम, फेसबुक पेज आणि यूट्यूब शॉर्ट्स अशा तीन जागी टाकतो. 2024 च्या दिवाळीआधी तो दुकानात आला. महिना 4,500, पण सहा महिन्यांचे पैसे आधी. लॅपटॉपवर त्याने एक तक्ता दाखवला. एका रकान्यात विषय, दुसऱ्यात प्लॅटफॉर्म, तिसऱ्यात संचाचा क्रमांक, आणि शेजारी हिरवी खूण.

आमची गरज खरीच होती. इरकलच्या फोटोखाली शिलाईचे टॅग शोभत नाहीत, आणि इन्स्टाग्रामची यादी जशीच्या तशी यूट्यूबवर चालत नाही. आमच्या भागात आणखी एक गोष्ट आहे. शहराचं नाव 2014 मध्ये सरकारी कागदावर बेळगावी झालं, पण लोक अजून #belgaum टाकतात आणि #belagavi पण टाकतात. गिऱ्हाईक मराठी, कन्नड, इंग्रजी अशा तिन्ही भाषांत शोधतं. एवढं सगळं प्रत्येक पोस्टला हाताने सांभाळणं जड जातं, हे कुणालाही पटेल.

पहिल्यांदा खटकलं ते वहिनींना. एका इरकलच्या पोस्टखाली त्यांना `#goatrip` दिसला. काळी चंद्रकळा, लाल टोप-तेणी पदर, आणि खाली गोव्याची सहल! आम्ही फोन लावला तर म्हणाला, "टॅग फिरायल्यात की ताई, म्हणूनच नवीन दिसतंय." मला ते पटेना. फिरवणं म्हणजे आपल्याच विषयातले वेगळे संच आलटून-पालटून लावणं. दुसऱ्या धंद्याचा टॅग आपल्या पोस्टखाली येतो तेव्हा एकच यादी अनेक गिऱ्हाइकांना लावली जातेय, असाच त्याचा अर्थ होतो.

मग मी त्याचे टॅग तपासायला घेतले. एका पोस्टचे सगळे टॅग कॉपी करून गूगल शीटच्या A2 मध्ये टाकले, दोन टॅगांमध्ये एकेक स्पेस सोडून, आणि शेजारी हे सूत्र लिहिलं:

```
=SORT(TRANSPOSE(SPLIT(A2," ")))
```

टॅग एकाखाली एक, वर्णानुक्रमाने लागतात. दुसऱ्या पोस्टचे टॅग A40 मध्ये टाकून, सूत्रातही A40 करून, ते पुढच्या रकान्यात लावले. दोन्ही रकाने शेजारी आले आणि सगळं उघडं पडलं. तेच तीस टॅग होते. पैठणीला तेच, शिलाईला तेच, इरकलला तेच. तो फक्त क्रम उलटसुलट करत होता. पोस्टखाली वाचताना ते वेगळे भासतात, कारण आपण पहिले चार-पाच शब्दच बघतो. क्रम बदलला म्हणून संच बदलत नाही. त्याच्या तक्त्यात त्या तीन पोस्टींपुढे तीन वेगळे संच क्रमांक आणि तीन हिरव्या खुणा होत्या.

प्लॅटफॉर्मनुसार म्हणाल तर तेही खोटं. इन्स्टाग्रामवर तेव्हा एका पोस्टला तीस टॅगांची मर्यादा होती, म्हणून त्याची यादी तिसाची. खुद्द इन्स्टाग्रामने 2021 मध्येच तीन ते पाच नेमके टॅग वापरा असा सल्ला दिला होता, पण ते राहू दे. तीच यादी त्याने फेसबुकवर टाकली आणि यूट्यूबवरही. यूट्यूबवर तर उलटंच झालं. आमच्या व्हिडिओंच्या वर्णनाच्या तळाशी त्याने पस्तीसेक टॅगांचा वेगळा गठ्ठा कायमचा चिकटवला होता, आणि वर ही तिसाची यादी. यूट्यूबचा नियम स्पष्ट आहे, एका व्हिडिओला साठाहून जास्त हॅशटॅग झाले तर ते सगळेच दुर्लक्षित करतात. म्हणजे `#ilkalsaree` हा आमच्या कामाचा टॅगही वाया गेला. तुमच्या व्हिडिओवर असं काही केलंय का ते मोजून बघा.

महिन्याचा रिपोर्ट म्हणून तो एक स्क्रीनशॉट पाठवायचा. रीच वर चढतोय, आलेख हिरवा. पण वरची खात्याच्या नावाची पट्टी कापलेली असायची. एकदा खाली शहरांची नावं राहून गेली होती: सुरत, अहमदाबाद. आमच्या स्वतःच्या इनसाइट्समध्ये बेळगाव, कोल्हापूर, पुणे अशी नावं येतात. तो रिपोर्ट आमच्या खात्याचा नव्हताच. रिपोर्ट कुणीही पाठवो, आपल्या फोनवर इन्स्टाग्रामचं प्रोफेशनल डॅशबोर्ड उघडून शहरं आणि फॉलोअर नसलेल्यांचा वाटा त्याच्याशी जुळवून बघावा.

मुदत संपत आल्यावर तो नवीन पैसे मागायला आला. म्हणाला, "हॅशटॅग फॉलो करणाऱ्या लोकांपर्यंत तुमची साडी पोचवतोय ताई, आता थांबवू नका." इन्स्टाग्रामने हॅशटॅग फॉलो करायची सोय डिसेंबर 2024 मध्येच काढून टाकली होती. जी गोष्ट उरलीच नव्हती तिच्या नावावर तो मार्चमध्ये पैसे मागत होता. मी सूत्राचे दोन्ही रकाने त्याच्यापुढे ठेवले. तो "सर्व्हरचा प्रॉब्लेम असेल" म्हणून उठला, आणि त्यानंतर त्याने फोन उचलला नाही.

खरं फिरवणं कसं असतं हे आता आम्ही स्वतःच्या शीटमध्ये करतो. प्रत्येक ओळीला विषय, प्लॅटफॉर्म, टॅगांचा संच आणि शेवटचा वापर कधी झाला ती तारीख. पोस्ट टाकताना आधी विषय निवडायचा, मग प्लॅटफॉर्म, आणि उरलेल्या ओळींतून सर्वांत जुनी तारीख असलेला संच उचलायचा. इरकलच्या इन्स्टाग्राम संचात `#ilkalsaree`, `#belagavi`, `#belgaum` आणि साडीच्या पोताचा एखादा टॅग असतो. बास. यात अवघड काही नाही. वहिनी हे दुपारच्या वेळी गिऱ्हाईक नसताना करतात. यामुळे विक्री दुप्पट झाली असं मी म्हणणार नाही. टॅग योग्य माणसाला थोडी मदत करतात, साडीचा फोटो वाईट असेल तर त्यांचा उपयोग नाही. कोणी फक्त टॅग फिरवून गिऱ्हाईक आणून देतो म्हणाला, तर तिथेच सावध व्हा.

तुमच्याकडे असा कोणी आला तर पैसे देण्याआधी त्याला समोर बसवून दोन पोस्ट लावायला सांगा, एक पैठणीची, एक शिलाईची, दोन्ही दोन प्लॅटफॉर्मवर. चारही याद्या वरच्या सूत्रात टाका. जो खरंच काम करतो त्याला याचा राग येणार नाही. आणि पासवर्ड मागितला तर देऊ नका. व्यवस्थित साधन इन्स्टाग्राम-फेसबुकच्या अधिकृत परवानगीच्या पानातून जोडलं जातं, तिथे पासवर्ड त्या माणसाच्या हाती जात नाही.

पैसे गेले असतील तर 1930 वर फोन करा किंवा `cybercrime.gov.in` वर तक्रार टाका. यूपीआयचा व्यवहार क्रमांक, त्याच्या तक्त्याचे आणि रिपोर्टचे स्क्रीनशॉट जवळ ठेवा. बेळगावात सायबर गुन्हे बघणारं सीईएन पोलिस ठाणं आहे, आम्ही तिथे लेखी दिलं. पैसे अजून आलेले नाहीत. पण त्याच्याआधी एक काम आजच करा: फेसबुक पेजच्या सेटिंगमध्ये पेजवर कुणाकुणाला अधिकार आहेत ते बघा. आमच्या पेजवर पैसे बंद केल्यावरही तो पूर्ण अधिकार घेऊन बसलेला होता. त्याला काढलं, इन्स्टाग्रामच्या 'ॲप्स आणि वेबसाइट्स' मधून त्याचं साधन काढलं, पासवर्ड बदलला आणि दोन पायऱ्यांचं लॉगिन चालू केलं.