परवानगीचा नंबर आल्याशिवाय परतीचा माल कुणालाही देऊ नका

सांगली भागात आमची मिक्सर आणि पंख्यांची एजन्सी आहे. दिवाळीनंतर एकाने आमच्या नावावर आमच्याच दुकानदारांकडून परतीचा माल गोळा केला. पूर्वी तो आमच्याकडे सेल्समन होता. जुनं व्हिजिटिंग कार्ड, ओळखीचा चेहरा आणि सोबत टेम्पो. "खराब पीस द्या, न खपलेलेही द्या, क्रेडिट नोट आठवड्यात येईल," असं सांगून तो खोके भरून न्यायचा.

मिरजेच्या एका दुकानातून त्याने १४ मिक्सर उचलले. बदल्यात चिठ्ठी दिली : "१४ नग मिळाले", खाली सही. सिरियल नंबर एकाचाही नाही. आम्ही थकबाकी मागितली तेव्हा दुकानदार चिडले, "माल परत दिलाय, पैसे कसले मागता?" त्यांचा राग खरा होता, पण आमच्या गोडाउनच्या आवक रजिस्टरमध्ये तो माल आलेलाच नव्हता. पुढे त्यातलेच चार मिक्सर दुसऱ्या गावच्या दुकानातून आमच्याकडे बदलून मागायला आले. नंबर ताडले तर ते मिरजेच्या बिलातले. त्या दुकानदाराला ते बिलाशिवाय स्वस्तात विकले गेले होते. म्हणजे फसलेले आम्ही तिघं, आणि पैसे घेऊन गेला तो चौथाच.

म्हणून आमच्याकडे माल परत कसा होतो ते नीट सांगतो. आधी तुम्ही बिल नंबर, प्रत्येक पीसचा सिरियल नंबर, तक्रार आणि फोटो ऑफिसला पाठवायचे. आम्ही ते बिलाशी ताडून परवानगीचं पत्र पाठवतो. त्यावर परवानगीचा नंबर, मंजूर पीसचे सिरियल नंबर आणि मुदत असते. पाच मागितले आणि तीनच मंजूर झाले, तर तीनच पाठवायचे. न खपलेला माल वेगळ्या बोलणीचा विषय आहे, तो खराब मालाच्या खोक्यात घालू नका. परवानगीचा नंबर खोक्यावर आणि चलनावर लिहायचा. गोडाउनला नंबर नसलेला खोका उतरवून घेतला जात नाही, कारण तो कुठल्या बिलातला हे कळल्याशिवाय त्याची क्रेडिट नोट काढता येत नाही. जीएसटीत क्रेडिट नोट मूळ विक्रीशी जोडावी लागते, आणि कर कमी करून घ्यायचा तर आर्थिक वर्ष संपल्यानंतरच्या ३० नोव्हेंबरपर्यंतच. उशिरा सापडलेल्या मालाचा कर अंगावर पडतो.

खोटा माणूस ओळखायची खूण एकच : खरा नंबर गाडीच्या आधी, ऑफिसकडून तुमच्याकडे येतो. दारात उभा राहून नंबर सांगणाऱ्याला थांबवा आणि आमच्या बिलावर छापलेल्या फोनवर विचारा, त्याच्या कार्डावरच्या नाही.

ज्यांनी या माणसाला माल दिलाय त्यांनी चिठ्ठीचा फोटो आणि खरेदीच्या बिलावरचे सिरियल नंबर लगेच कळवावेत. पोलीस तक्रारीला आम्ही ती यादी जोडत आहोत.